नियम 9 कुठे गेला?

चॅटबॉटशी लांब गप्पा मारणाऱ्यांपैकी बहुतेकांना कधी ना कधी, आधी सांगितलेलं तो मधेच विसरल्याचा अनुभव आला असेल. मला तो जरा खोलात जाऊन पाहायला मिळाला, कारण चॅटचा प्रोग्राम मीच जोडला होता आणि दोष द्यायला दुसरं कुणी नव्हतं.

काम एका यंत्राच्या माहितीपुस्तिकेच्या भाषांतराचं. पहिल्याच मेसेजमध्ये मी 14 नियम लिहून दिले होते. नियम 4: व्हॉल्व्हला सगळीकडे ‘झडप’ म्हणायचं. नियम 9: इंग्रजीत ‘मे’ असेल तिथे मराठीत ‘शकतो’च हवं, ‘पाहिजे’ किंवा ‘करावे’ नको. यंत्राच्या पुस्तिकेत हा फरक फार महागात पडतो. झडप बंद करता येते आणि झडप बंद केलीच पाहिजे, या दोन अगदी वेगळ्या सूचना आहेत.

मग एकेक पान देत गेलो. बाविसाव्या पानानंतर मी लिहिलं, ‘नियम 9 प्रमाणे हे पान पुन्हा तपास.’ उत्तर ताबडतोब आलं आणि आत्मविश्वासानं आलं. शीर्षकांची मांडणी एकसारखी आहे का, हे तपासलं होतं आणि सगळं नियम 9 प्रमाणे ठीक असल्याचा निर्वाळाही होता. शीर्षकांबद्दल माझ्या चौदा नियमांत एक अक्षर नव्हतं!

आता हे का झालं ते सांगतो, कारण ‘बॉट विसरला’ एवढं म्हणून भागत नाही. चॅटबॉटच्या मागे उत्तरं लिहिणारं जे मॉडेल असतं, त्याला दोन मेसेजच्या मधे स्वतःची अशी आठवण नसते. आपण नवीन ओळ पाठवली की प्रोग्राम आधीचं सगळं संभाषण पुन्हा एकदा जोडून पाठवतो, आणि मॉडेल ते दरवेळी पहिल्यांदाच वाचतं. या वाचण्याला मर्यादा असते, ती टोकनमध्ये मोजतात. टोकन म्हणजे शब्दाचा तुकडा. देवनागरीचे तुकडे बहुधा जास्त पडतात, म्हणून तोच मजकूर मराठीत इंग्रजीपेक्षा जास्त जागा खातो.

माझी मर्यादा 32,768 टोकनांची होती. त्यातले 2,000 उत्तरासाठी राखून ठेवले, उरले 30,768. नियमांचा मेसेज सुमारे 900 टोकनांचा. प्रत्येक पानाचं इंग्रजी साधारण 500 आणि मराठी 1,500, म्हणजे पानामागे 2,000. पंधरावं पान पाठवताना आधीची 14 पानं, नियम आणि नवं इंग्रजी मिळून 29,400 झाले. बसले. सोळाव्या पानाला बेरीज 31,400 वर गेली आणि मावेना. तेव्हा मजकूर मावेपर्यंत क्रमांक 1 चा मेसेज काढत राहणाऱ्या प्रोग्राममधल्या या दोन ओळी जाग्या झाल्या:

```python
while count_tokens(messages) > limit:
    messages.pop(1)
```

शून्य क्रमांकावर प्रोग्रामची स्वतःची छोटी सूचना होती, ती हलवायची नाही असं मी ठरवलं होतं. त्यामुळे सर्वांत आधी बाहेर पडला तो क्रमांक 1 चा मेसेज. म्हणजे नियम. अख्ख्या संभाषणातला सर्वांत मोलाचा मजकूर बरोबर सर्वांत आधी फेकायची व्यवस्था मी माझ्याच हातानं केली होती. (हो, कपाळावर हात मारून झाला.)

पण मला जास्त खटकलं ते पुढचं. सोळा ते बावीस, सात पानं मी वाचून पुढे सरकवली होती आणि काहीच संशय आला नव्हता. कारण ‘झडप’ जागच्या जागी होती! नियम 4 तर पाळला जात होता. मग लॉग उघडला तेव्हा उलगडा झाला. बाविसाव्या पानाच्या वेळी मॉडेलसमोर सातव्या पानापासूनचा मजकूर होता, आणि त्या जुन्या पानांवर ‘झडप’ हा शब्द ठायी ठायी होता. मॉडेल त्याचं अनुकरण करत होतं. नियम गेला होता, पण त्याचे ठसे उरले होते.

नियम 9 चे ठसे तसे उमटत नाहीत, कारण त्याचा खरा भर ‘अमुक करू नको’ यावर आहे. न केलेल्या गोष्टीची खूण मजकुरात कुठे दिसणार? म्हणून जे नियम डोळ्यांना दिसतात ते टिकल्यासारखे वाटतात, मनाई मात्र गुपचूप निघून जाते. आपण दिसणाऱ्या नियमांकडे बघून खूश राहतो.

आणि माझ्या प्रश्नातला ‘नियम 9’ हा शब्द मात्र शाबूत होता. बोट दाखवणारा शब्द उरला आणि ज्याकडे बोट दाखवलं ती गोष्टच नाहीशी झाली. मॉडेलला मधे काही कापलं गेलंय हे कळायला मार्गच नव्हता. माझा प्रश्न पोचेपर्यंत सातवं पानही बाहेर पडलं होतं आणि संभाषण आठव्या पानापासूनच सुरू झालं असं त्याला दिसत होतं. ‘नियम 9’ म्हटल्यावर भाषांतरात असा नियम कशाचा असू शकेल, याचा सगळ्यात संभवनीय अंदाज त्यानं बांधला. ‘मघाशी ठरलं तसं’, ‘तो दुसरा पर्याय’, ‘वरच्या यादीतलं तिसरं’, हे सगळे असेच धोक्याचे शब्द.

जुन्या भागाचा सारांश करून ठेवायचा उपायही मी करून पाहिला. सारांशात आलं, भाषांतराचे नियम दिले होते, परिभाषा एकसारखी ठेवायची. क्रमांक गेले, नऊ गेला. हे मला साध्या कापण्यापेक्षा वाईट वाटतं, कारण आता मॉडेलला यादी होती हे कळतं आणि ते ती रचून भरायला जास्त धजावतं. जुने मेसेज शोधून आणायची सोयही इथे फारशी कामाची नाही. ‘मघाशी ठरलं तसं’ या वाक्यात शोधायला शब्दच कुठे आहेत?

मोठी मर्यादा घ्या, असं कुणीतरी म्हणेलच. घ्या, हा प्रसंग पुढे ढकलला जाईल. पण लांबलचक मजकुराच्या मधोमध असलेली माहिती मॉडेल कमी नीट वापरतात, असं 2023 च्या एका अभ्यासात दिसलं होतं. म्हणजे आत बसलेलं सगळं वापरलं जातंच असं नाही.

माझं खरं भांडण पडद्याशी आहे. पडद्यावर मला पहिल्या मेसेजपासून सगळं दिसत होतं. वर सरकवलं की 14 नियम तिथेच. मी जे बघतोय तेच समोरचाही बघतोय असं मी धरून चाललो, आणि त्या पडद्यानं मला एका शब्दानं सावध केलं नाही. जिथून पुढचं मॉडेलला दिसतं तिथे एक साधी आडवी रेष मारायला कितीसं काम आहे? प्रोग्रामला ती जागा ठाऊकच असते, तोच तर कापतो.

रेष येईपर्यंत मी एक चाचणी करतो. ‘आठवतंय का’ असं विचारत नाही, त्याला हो म्हणणं फार सोपं आहे. या संभाषणातला माझा पहिला मेसेज जसाच्या तसा उतरवून दे, असं सांगतो. दुसरंच काही आलं किंवा गोळाबेरीज आली, तर पहिला मेसेज गेला असं समजतो. आणि प्रश्नात आता नियमाचा क्रमांक लिहीत नाही, नियमच लिहितो.

नियमांची यादी मी शून्य क्रमांकाच्या सूचनेत हलवली. मग सोळा ते बावीस ही पानं इंग्रजीशी ओळीनं ताडून पाहिली. चार ठिकाणी ‘बंद करू शकतो’चं ‘बंद करावे’ झालेलं सापडलं. झडप चारही ठिकाणी झडपच होती.