चॅटमधली आई आणि रॉटरडॅमचा काळोख

गेल्या जूनमध्ये घाटकोपरच्या माझ्या मावसबहिणीने एका अनोळखी माणसाशी तीन आठवडे चाललेले चॅट मला वाचायला दिले. ती रोजचे संदेश रोज वाचत होती, मी ते सलग वाचले, आणि त्याच्या बोलण्यातल्या विसंगती तेवढ्यानेच दिसू लागल्या. आम्ही एका वहीत तारीख, वेळ आणि त्याचेच शब्द उतरवून काढले. सारांश लिहिला नाही, कारण सारांश लिहिताना आपण नकळत त्याची गोष्ट नीट करून देतो.

तिसऱ्या दिवशी तो मालवाहू जहाजावर सेकंड इंजिनिअर होता. नवव्या दिवशी मात्र रात्रभर ब्रिजवर, म्हणजे जहाज चालवायच्या कक्षात, उभा राहून जहाज हाकत होता. इंजिनिअरचे काम इंजिनरूममध्ये असते, ब्रिजवरचा पहारा डेक ऑफिसर सांभाळतात, आणि ही गल्लत त्या पेशातला माणूस करत नाही. बाराव्या दिवशी, म्हणजे जूनच्या मध्यावर, त्याने रॉटरडॅम बंदरातून लिहिले की संध्याकाळी सहालाच काळोख झाला आहे. त्या दिवसांत तिथे सूर्य रात्री दहाच्या सुमारास मावळतो.

प्रत्येक विसंगती मात्र खोटेपणाची खूण नसते. शाळा एकदा दादरची आणि एकदा माहीमची सांगितली, याला मी काहीच महत्त्व दिले नाही. आपण मुंबईकर नालासोपाऱ्याला राहून परक्या माणसाला ‘बोरिवलीच्या पुढे’ असेच सांगतो, आणि अनोळखी पुरुषाशी बोलणारी मुलगी आपले स्टेशन मुद्दाम चुकीचे सांगत असेल तर ते शहाणपणच आहे. साल, अंतर, पगाराचा आकडा यांत खरा माणूसही चुकतो, आणि पुष्कळदा ‘नाही, थांब, ते आधीचं’ म्हणून स्वतःच दुरुस्त करतो. आपला पेशा किंवा जवळच्या माणसाचा मृत्यू यांत तो सहसा चुकत नाही.

पाचव्या दिवशी त्याने लिहिले होते की आई कोविडमध्ये गेली. हे पडताळायचे तर ‘तुमची आई वारली ना?’ असे विचारून चालत नाही, कारण त्या प्रश्नात उत्तर आपणच पुरवतो. त्यामुळे बहिणीने सहज विचारले, ‘गणपतीत तुमच्या घरी कोण कोण असतं?’ उत्तर आले, ‘आई एकटीच सगळं करते.’

इथे थांबून स्क्रीनशॉट काढायला हवे होते, कारण पाठवलेला संदेश समोरचा माणूस नंतर काढून टाकू शकतो. बहिणीला राहवले नाही आणि तिने त्याला सरळ जाब विचारला. त्याने लगेच ठिगळ लावले, ‘मावशीलाच आई म्हणतो, तिनेच वाढवलं.’ ते इतके पटण्याजोगे होते की तिचा चेहरा उजळला. मी वही मागे उलटली. सातव्या दिवशी, रात्री 11 वाजून 40 मिनिटांनी, त्याने लिहिले होते, ‘आई एकुलती एक होती, म्हणून आजोळ असं उरलंच नाही.’