‘म्हणं’ कुठं गळालं

“दादा, तुमच्या तिकडं टर्की भाषेत म्हणं क्रियापदावरनंच कळतंय की माणसानं सोता बघितलंय का नुसतं ऐकलंय. मंग तिकडं अफवा उठतच नसतील की? आपल्यात का नाही असलं काही?”
(गावच्या ग्रुपवर, बिबट्याच्या भांडणात, चुलतभाऊ)

अरे, तूच पहिल्या ओळीत ‘म्हणं’ लिहिलंयस की. पण त्याच्याकडं नंतर येतो.

मी तुर्कस्तानात, बुर्सा शहरात, गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या एका कारखान्यात क्वालिटी बघतो, त्याआधी वाळूजला तेच करत होतो. इथं आल्यावर टर्की शिकायला लागलो आणि पहिल्या दोन महिन्यांत शिफ्ट बदलताना माझी एक फजिती झाली. सकाळच्या शिफ्टचा ऑपरेटर म्हणाला, “माकिने दुर्मुश.” मला कळलं मशीन बंद पडली. मी रिपोर्टात लिहून टाकलं की ऑपरेटरच्या समोर मशीन बंद पडली, तेव्हा आवाज कसा आला, प्रेशर किती होतं हे त्याला विचारा. फोरमन हसला. म्हणाला, तो ‘दुर्मुश’ बोलला, ‘दुर्दू’ नाही. दुर्दू म्हणजे बंद पडली आणि मी तिथं होतो. दुर्मुश म्हणजे मी आलो तेव्हा बंदच होती, किंवा मला कुणीतरी सांगितलं. आवाजाचं विचारायचं तर रात्रीच्या माणसाला विचार, याला काय माहीत.

म्हणजे साधा भूतकाळ बोलायचा तरी दोनातलं एक निवडावंच लागतं. एक ‘दी’ आणि एक ‘मिश’, आधीच्या स्वराप्रमाणं दू, मुश वगैरे होतात तो भाग वेगळा. गेल्दी म्हणजे आला, मी बघितला. गेल्मिश म्हणजे आला म्हणे, किंवा दारात चपला दिसायलेत म्हणजे आलेला दिसतोय. सकाळी उठून ओला रस्ता बघितला तरी मिश, शेजारणीनं पाऊस झाल्याचं सांगितलं तरी मिश. आता इथंच बघ, तुला वाटतंय तेवढी ही भाषा बारीक नाही. ऐकलेलं आणि अंदाजानं काढलेलं हे दोन्ही ती एकाच पोत्यात भरते. दक्षिण अमेरिकेत तुयुका म्हणून एक भाषा आहे, तिच्यात पाच खाने आहेत, बघितलं, नुसतं ऐकू आलं, खुणा दिसल्या, कुणी सांगितलं, आणि असणारच. तिच्यापुढं टर्की दोनच खान्यांची पेटी.

आणि खोटं? दुपारी चहाला गेलेला माणूस साहेबापुढं छातीठोक ‘दुर्दू’ म्हणतो, कारण जागेवर नव्हतो हे त्याला कबूल करायचं नसतं. प्रत्यय काय त्याचा हात धरतोय? फरक एवढाच की त्याला ते खोटं ठरवून बोलावं लागतं. आपल्याला ठरवावंही लागत नाही.

आता आपला बिबट्या घे. मी ग्रुपवरचं सगळं वर जाऊन परत वाचलं, कारण मला बघायचं होतं नेमकं कुठं काय झालं. रात्रीच्या लाईटला पाणी द्यायला गेलेला माणूस, त्याचा आवाज आहे व्हॉइस मेसेजमध्ये, तो म्हणतोय, “उसात कायतरी खसपसलं, बिबट्या असंल.” असंल! त्यानं प्रामाणिकपणे अंदाज म्हणून सांगितलं. त्याच्या भावानं लिहिलं, “उसात बिबट्या हाय म्हणं.” ठीक, ऐकीव म्हणून सांगितलं. मग चहाच्या टपरीवरून एकाचा मेसेज, “बिबट्या आलाय वाटतं.” आणि संध्याकाळी कुठल्यातरी दुसऱ्याच जंगलातला फोटो लावून, “गावात बिबट्या आला आहे, लेकरं बाहेर सोडू नका.” बघ, असंल, म्हणं, वाटतं, तिन्ही शब्द वाटेत गळाले. आपल्याकडं टर्कीपेक्षा बारीक हत्यारं आहेत, आलाय म्हणे, आला असणार, आलेला दिसतोय, आला असेल, यातला प्रत्येक शब्द वेगळं काहीतरी सांगतोय. पण ती वाक्याच्या शेपटाला बांधलेली असतात, शेपूट कापलं तरी वाक्य धावतंच. टर्कीत मिश काढला तर तिथं दुसरं काहीतरी बसवावं लागतं, क्रियापद उघडं राहत नाही.

वनखात्याचे लोक येऊन गेले म्हणे. बिबट्याच्या ठशात नखं उमटत नाहीत, तो नखं आत ओढून चालतो, कुत्र्याच्या आणि तरसाच्या ठशात उमटतात, एवढं मला माहितीय, पण ते ठसे कुणी नीट बघितले ते ग्रुपवर अजून कुणी सांगितलेलं नाही.

या भांडणात आत्या मध्येच बोलली. तिला वाटलं न बघता लिहिणाऱ्यांविषयी चाललंय. “पंचनाम्याला आलेला माणूस बांधावर सुदीक उतरला नाही, गाडीत बसूनच ‘समक्ष पाहणी केली असता’ लिहून गेला, माझं सोयाबीन गेलं ते गेलंच.” सगळ्यांनी हात जोडल्याचे इमोजी टाकून विषय सोडून दिला. पण मला वाटतं सगळ्यात मुद्द्याचं तीच बोलली. समक्ष म्हणजे डोळ्यापुढं. म्हणजे सरकारी मराठीत आपला ‘दी’ आहेच, आणि तो न उतरताच लिहिता येतो.

मग अंबाजोगाईचे काका, ज्यांनी जन्मभर संस्कृत शिकवलं, त्यांनी लांब मेसेज टाकला, तो बहुतेक कुणी वाचला नाही. त्यांचं म्हणणं असं की आपल्याकडं हे नव्हतं असं म्हणू नका. पाणिनीचं सूत्रच आहे, ‘परोक्षे लिट्’, बोलणाऱ्याच्या डोळ्याआड घडलेल्या जुन्या गोष्टीला क्रियापदाचं वेगळं रूप, ते मराठीपर्यंत पोचलंच नाही. मी म्हटलं काका, डोळ्याआड म्हणजे किती आड? तर ते म्हणाले, पाणिनीवर भाष्य लिहिणाऱ्या पतंजलीपुढंही हाच प्रश्न होता. कुणी म्हणे शंभर वर्षांपूर्वीचं ते परोक्ष, कुणी म्हणे हजार वर्षांपूर्वीचं, कुणी म्हणे भिंतीपलीकडचं, कुणी म्हणे दोन-तीन दिवसांपूर्वीचं. आणि शाकटायनाची गोष्ट, एवढा मोठा वैयाकरण रस्त्याकडेला बसला होता, समोरून गाड्यांचा तांडा गेला आणि त्याला दिसलाच नाही. डोळे उघडे असून परोक्ष!

काकांनी पुढं एक गोष्ट सांगितली ती मात्र मी दोनदा वाचली. नियमाला अपवाद आहे. जी गोष्ट आपण बघितली नाही पण लोकांत जाहीर आहे आणि मनात आणलं असतं तर बघता आली असती, तिला बघितल्याचं रूप चालतं. पतंजलीचं उदाहरण, ‘अरुणद् यवनः साकेतम्’, यवनानं, म्हणजे ग्रीकानं, साकेताला, म्हणजे अयोध्येला, वेढा घातला. आता गंमत बघ. टर्कीवर अभ्यास करणाऱ्या अक्सू-कोच आणि स्लोबिन यांनी 1980 च्या दशकात जवळपास हेच टिपलं. अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन यांनी राजीनामा दिला ही बातमी टर्की लोक ‘मिश’नं सांगायचे, आणि त्यांच्याच पंतप्रधान एजेवितनं दिला ती ‘दी’नं. दोन्ही बातम्या ऐकलेल्याच. पण एजेवितचं आधीपासून कानावर येत होतं, मनाची तयारी होती, निक्सनचं अचानक आलं.

म्हणजे दोन हजार वर्षांच्या अंतरावर दोन्ही व्याकरणांत तेच दार उघडं आहे. ज्याची सगळ्यांना आधीच खात्री आहे ते न बघताही बघितल्यासारखं बोलता येतं. आणि अफवा त्याच दारातून आत येते रे. आपल्या भागात बिबट्या येणार येणार म्हणून दोन वर्षं बोलायलेत, त्यामुळं कुणाला ‘म्हणं’ लावायची गरजच वाटली नाही. इथंही तेच, माझ्या बिल्डिंगीत कुणाचा घटस्फोट झाला हे पहिल्या दिवशी मिश असतं, आठवड्यात दी होतं.

काकांशी मी इथपर्यंत सहमत आहे. पण ते पुढं म्हणाले की लिट् गेला म्हणून आपल्या समाजाची सत्याची चाड गेली, ते काही मला पटत नाही. संस्कृत बोलणारेही थापा मारतच असतील.

मला स्वतःला हे व्याकरण लागलं ते दुसऱ्याच ठिकाणी. शेजारी एक जण आहे, इझमितचा. 17 ऑगस्ट 1999 ला पहाटे 3:02 ला तिथं भूकंप झाला तेव्हा तो तीन वर्षांचा होता. एकदा चहा पिताना विषय निघाला, मी म्हटलं माझ्याही भागात झालाय, किल्लारी, 30 सप्टेंबर 1993, तीही पहाटच, 3:56, गणपती बुडवून लोक झोपलेले, दगडमातीच्या भिंती आणि वर माळवद. आणि मी माझी गोष्ट सांगितली, जी मी कॉलेजात, होस्टेलवर, सगळीकडं सांगत आलोय. बाबाम बेनी दिशारी चिकार्दी. वडिलांनी मला उचलून बाहेर काढलं.

त्यानं कप खाली ठेवला. “तू किती वर्षांचा होतास?”
“दीड.”
“मग चिकार्मिश,” तो म्हणाला. आणि स्वतःचं सांगितलं, त्यात एकही दी नव्हता. मी झोपलेलो म्हणे, रडलो म्हणे, आईनं दुपट्यात गुंडाळलं म्हणे. उयुमुशुम, आलामिशिम. स्वतःविषयी बोलायचं आणि तरी मिश, कारण झोपेतला मी म्हणजे माझ्यासाठी परकाच माणूस. काकांना सांगितलं तर त्यांनी लगेच संस्कृतातलं पाठवलं, ‘सुप्तोऽहं किल विललाप’, झोपेत मी बडबडलो म्हणे. तो ‘किल’ म्हणजे आपला ‘म्हणं’च.

मला जरा रागच आला होता खरं तर. इतकी वर्षं सांगितलेली गोष्ट एका प्रत्ययानं माझ्या हातातून काढून घेतली. त्या रात्रीचं मला कंदिलाच्या उजेडातलं वडिलांचं तोंडही आठवतं असं मी शपथेवर सांगितलं असतं.

म्हणून रविवारी वडिलांना फोन लावला. विचारलं, त्या रात्री मला तुम्ही कसं बाहेर काढलं?

“मी?” ते म्हणाले. “मी कुठं घरी होतो. मी तर मळ्यात झोपायला गेलतो त्या दिवशी. तुला आज्जीनं उचललं असंल.”