आठवणीतला ‘पडलो’ इटालियनमध्ये कसा पडतो

मराठीतून इटालियनमध्ये अनुवाद करणाऱ्याला तिथल्या दोन भूतकाळांबद्दल एक सल्ला मिळतो. इम्पेर्फेत्तो म्हणजे चालू असलेल्या किंवा नेहमीच्या गोष्टींचा भूतकाळ, आणि पास्सातो प्रोस्सिमो म्हणजे घडून संपलेल्या गोष्टींचा. सल्ला असा: “बालपणीच्या आठवणीची गोष्ट इटालियनमध्ये न्यायची असेल तर नियम सोपा आहे. जे लांब चालले किंवा पुन्हा पुन्हा घडले ते इम्पेर्फेत्तोत, जे झटक्यात संपले ते पास्सातो प्रोस्सिमोत. मराठीत ‘जायचो’, ‘करायची’ दिसले की इम्पेर्फेत्तो. ‘गेलो’, ‘केले’ दिसले की पास्सातो प्रोस्सिमो. शंका आलीच तर इम्पेर्फेत्तो वापरा, आठवणीला तोच शोभतो.”

यातला पहिला भाग लांबीचा आहे आणि तो मुळातच चुकीच्या जागी बोट ठेवतो. क्रिया किती वेळ चालली याच्याशी या निवडीचा संबंध नाही. सांगणारा त्या क्रियेचा शेवट दाखवतो आहे की नाही, याच्याशी आहे. ‘त्या वर्षी आम्ही मे महिनाभर आजोळी होतो’ हे वाक्य घ्या. महिना काही झटक्यात संपत नाही, तरी इटालियनमध्ये येथे ‘सिआमो स्ताति दाल्ला नोन्ना पेर तुत्तो माज्जो’ असा पास्सातो प्रोस्सिमोच लागतो, कारण ‘महिनाभर’ या शब्दाने मुक्कामाला दोन्ही बाजूंनी कुंपण घातले आहे. तेच ‘होतो’ दुसऱ्या वाक्यात पाहा: ‘आम्ही आजोळी होतो तेव्हा तार आली.’ येथे मुक्काम कधी संपला याची वाक्याला फिकीर नाही, तार मध्येच आली आहे, म्हणून ‘एरावामो दाल्ला नोन्ना, क्वान्दो ए आर्रिवातो इल तेलेग्राम्मा’. मराठीत दोन्हीकडे एकच ‘होतो’ आहे, लांबीही कदाचित तीच आहे, आणि काळ मात्र वेगळे.

पुनरावृत्तीचेही असेच आहे. ‘दरवर्षी आम्ही महिनाभर आजोळी राहायचो’ येथे इम्पेर्फेत्तो येतो, कारण महिन्याला शेवट असला तरी वर्षांच्या त्या मालिकेला तो दाखवलेला नाही. पण ‘त्या सुट्टीत मी तीन वेळा झाडावरून पडलो’ येथे पडणे पुन्हा पुन्हा घडूनही मोजून संपलेले आहे, आणि मोजणी आली की पास्सातो प्रोस्सिमो येतो.

दुसऱ्या भागावर, म्हणजे मराठी रूप पाहून इटालियन काळ ठरवण्यावर, मला जास्त वेळ थांबायचे आहे, कारण मराठीतून अनुवाद करणाऱ्याचा पाय सर्वांत जास्त तेथेच घसरतो. ‘-चा’ची रूपे आणि ‘उठे, सारवी’ असा जुना रीतिभूतकाळ यांच्याबाबत तो नियम बहुतेक वेळा तारून नेतो, हे मान्य आहे. ‘-ला’च्या रूपांबाबत मात्र तो फसवा आहे, कारण ही रूपे मराठीत एकच काम करत नाहीत.

‘बाबा आले की आम्ही खेळ थांबवायचो.’ या वाक्यातले ‘आले’ हे दिसायला ठाम भूतकाळी रूप आहे, पण बाबा एकदा आलेले नाहीत, ते रोज येत. ‘की’च्या आधीचे हे ‘-ले’ केवळ एवढेच सांगते की येणे पुरे झाल्यावर पुढची गोष्ट घडे. ते एकदा की रोज, हे वाक्याच्या शेवटच्या क्रियापदावरून कळते. इटालियनमध्ये दोन्ही क्रियापदांना रोजचेपणा स्वतंत्रपणे अंगावर घ्यावा लागतो: ‘क्वान्दो आर्रिवावा पापा, झ्मेत्तेवामो दि जोकारे.’ नियम पाळून ‘क्वान्दो ए आर्रिवातो पापा’ लिहिले, तर बाबा एका विशिष्ट संध्याकाळी आले असे होते आणि त्याला जोडलेले ‘झ्मेत्तेवामो’ अधांतरी लटकते. ‘पाऊस पडला की छप्पर गळायचे’, ‘दिवे लागले की परवचा म्हणायचो’ अशा वाक्यांनी मराठीतल्या आठवणी भरलेल्या असतात, म्हणून ही चूक एकदा नाही, पानोपानी होते.

दुसरा चकवा ‘-ला होता’ हा आहे. ‘आजी ओटीवर बसली होती’ यात बसण्याची क्रिया आधी घडली हे आपल्याला सांगायचेच नसते, आजी कोणत्या स्थितीत दिसली ते सांगायचे असते. इटालियनमध्ये ते ‘एरा सेदूता’, म्हणजे ‘असणे’चा इम्पेर्फेत्तो आणि त्यापुढे विशेषणासारखे ‘बसलेली’. ‘सी एरा सेदूता’ असे लिहिले तर आजी त्याआधी येऊन बसली होती, ही एक नवीच घटना गोष्टीत शिरते. ‘त्याने निळा सदरा घातला होता’ हेही साधे ‘पोर्तावा ऊना कामीचा आद्झुर्रा’ होते. मात्र ‘रात्री पाऊस पडला होता’ यातला पाऊस खरोखरच आधी पडून गेलेला आहे, आणि तेथे ‘आवेवा पियोवूतो’ असा पूर्ण भूतकाळच हवा. ओळखायची खूण मराठीतच आहे: ‘बसलेली होती’, ‘घातलेला होता’ असे म्हणून पाहावे. अर्थ तसाच राहिला, तर ती स्थिती आहे आणि इम्पेर्फेत्तोची जागा आहे.

शंका आली तर इम्पेर्फेत्तो, हा सल्ला सर्वांत घातक आहे. ‘एके दिवशी मी फांदीवरून पडलो’ याचे ‘ऊन जोर्नो कादेवो’ केले तर इटालियन वाचक जमिनीवर आदळण्याची वाट पाहत राहतो, कारण पडणे सुरू आहे आणि संपतच नाही. इटालियन माणूस आपले स्वप्न सांगतो तेव्हा असेच बोलतो: उडत होतो, पडत होतो, सारे इम्पेर्फेत्तोत. मुलेही खेळात ‘मी राजा, तू राणी’ ठरवताना ‘इओ एरो इल रे’ म्हणतात. त्यामुळे सगळी आठवण इम्पेर्फेत्तोत ओतली तर ती हळवी होईलच असे नाही. ती घडली की कल्पिली, अशी शंका मात्र तिच्यावर येऊ शकते.

एक छोटा उतारा पूर्ण लावून पाहू. ‘आजी पहाटे उठायची. आम्ही उठलो की ती पेज वाढायची आणि आम्ही बागेत पळायचो. एके दिवशी मी फांदीवरून पडलो. रडत घरी आलो तेव्हा आजी ओटीवर बसली होती. ती काही बोलली नाही. तिने गुडघ्याला हळद लावली.’ पहिल्या दोन वाक्यांत ‘सी आल्त्सावा’, ‘ची झ्वेल्यावामो’, ‘दावा’, ‘कोर्रेवामो’ असा सलग इम्पेर्फेत्तो येतो, आणि त्यात आमच्या ‘उठलो की’चाही समावेश आहे. ‘एके दिवशी’ने दार उघडते: ‘सोनो कादूतो’, ‘सोनो तोर्नातो’. आजीसाठी ‘एरा सेदूता’. हळदीसाठी ‘आ मेस्सो’. गोष्ट छापील कथेच्या सुरात लिहायची असेल तर पास्सातो प्रोस्सिमोच्या जागी पास्सातो रेमोतो, म्हणजे ‘काद्दी’, ‘तोर्नाई’, ‘मीझे’, घेता येतो. पण मग तो शेवटपर्यंत पाळावा. इम्पेर्फेत्तोच्या जागा त्यामुळे हलत नाहीत.

उरते ‘ती काही बोलली नाही’. येथे कोणताही नियम निर्णय देत नाही. ‘नोन आ देत्तो निएन्ते’ म्हटले तर ते आजीचे उत्तर होते: ओरडणे अपेक्षित होते, तिने ते केले नाही, आणि मग हळद लावली. ‘नोन दिचेवा निएन्ते’ म्हटले तर ती आधीपासूनच गप्प बसलेली दिसते, आणि मुलगा त्या शांततेत येऊन उभा राहतो. मी या उताऱ्यात पहिले रूप घेईन, कारण मराठीत ‘बोलत नव्हती’ असे लिहिता आले असते आणि लेखकाने तसे लिहिलेले नाही.