फिक्स आला, पण कुठे?

ड्रोननं जमिनीचे नकाशे काढायच्या आमच्या धंद्यात सकाळी ‘चहा झाला का?’ असं कुणी विचारत नाही, ‘फिक्स आला का?’ असं विचारतात. उपग्रहापासून ड्रोनपर्यंत लहरींचे नेमके किती तरंग मावतात, हे गणित सुटलं की स्क्रीनवर FIX उमटतं आणि चूक दोन-तीन सेंटिमीटरवर येते. नाही सुटलं तर FLOAT. तेव्हा ड्रोनला आपण या शेतात आहोत एवढं माहीत असतं, पण त्यातल्या कुठल्या सरीत, ते नसतं.

सासवडच्या पुढे अप्पांच्या शिवारात त्या दिवशी मोबाइलला रेंज नव्हती, म्हणून ड्रोनची जागा सुधारणाऱ्या, इंटरनेटवरून येणाऱ्या दुरुस्त्या मिळेनात. मी आपला बेस मांडला. तिवईवरचा हा रिसिव्हर स्वतःची जागा आणि उपग्रहांकडून मिळालेली मापं रेडिओवरून ड्रोनला कळवत राहतो, आणि ड्रोन ती आपल्या मापांशी ताडून स्वतःची जागा काढतो. बेसनं सांगितलेल्या जागेवर मात्र ड्रोननं फक्त विश्वास ठेवायचा.

पक्क्या निर्देशांकांचा खांब होता, पण तो पलीकडच्या टेकाडावर. ऊन मी म्हणत होतं. मी तिवई बांधालाच रोवली आणि बेसला म्हटलं, पाच मिनिटं स्वतःची सरासरी काढ आणि तीच तुझी जागा मान. त्यानं मानली. ड्रोन उडाला. सबंध उड्डाणभर फिक्स! अप्पांनी कौतुकानं ताक दिलं.

रात्री नकाशात तो खांब शोधला, तर स्वारी 1.32 मीटर पूर्वेला आणि 0.87 मीटर उत्तरेला. म्हणजे जवळजवळ एक मीटर साठ. गोठा, विहीर, बांध, सगळं एकाच दिशेला तेवढंच सरकलेलं. एकमेकांपासूनची अंतरं मात्र सेंटिमीटरला बरोबर. फिक्स खोटा नव्हता, तो बेसच्या हिशेबानं खरा होता. बेसलाच पत्ता चुकीचा सांगितलेला! उड्डाणाचा अहवाल हे कधीच दाखवत नाही, बाहेरचा एखादा ओळखीचा बिंदूच चुगली करतो.

नशीब, बेसनं दिवसभर उपग्रहांचा कच्चा डेटा साठवला होता. सर्वे ऑफ इंडियाच्या कायम चालू असणाऱ्या केंद्राच्या नोंदींशी तो ताडून बेसची खरी जागा काढली आणि प्रत्येक फोटोचे निर्देशांक तेवढेच मागे सरकवले. खांब दोन सेंटिमीटरवर येऊन बसला. पुन्हा उडवावं लागलं नाही. मध्येच तिवईला म्हशीनं धक्का दिला असता, तर मात्र रडायचीच पाळी होती.

दुसऱ्या दिवशी अप्पांना लॅपटॉपवर हद्दीचा दगड दाखवला. “आता अगदी सेंटिमीटरला बरोबर!” मी छाती फुगवून म्हणालो.

अप्पांनी चष्मा सारखा केला. “ते खरं रे. पण हा दगडच धाकट्यानं गेल्या शिमग्याला सरकवलाय, त्याचं काय करायचं?”