वेस बंद होण्याआधीची घबराट

काल कट्ट्यावर वाद पेटला तो ‘टोरश्लुसपानिक’ या जर्मन शब्दावरून. जर्मन शिकवणाऱ्या आमच्या मास्तरांनी त्याची फोड सांगितली: टोर म्हणजे वेशीचा दरवाजा, श्लुस म्हणजे बंद होणे आणि पानिक म्हणजे घबराट. वकील लगेच म्हणाला, “म्हणजे लग्नाचे वय उलटून चालल्याची भीती. त्यासाठी एवढा लांब शब्द कशाला?”

“तेवढाच अर्थ धरलास, तर निम्मा शब्द हातातून गेला,” असे म्हणत मास्तर थेट हॅम्बुर्गच्या वेशीपाशी गेले. तिथले दरवाजे संध्याकाळी बंद होत, त्याची वेळ ऋतूप्रमाणे बदलत असे आणि उशिरा पोहोचणाऱ्याला आत येण्यासाठी पैसे मोजावे लागत. ही प्रथा १८६० च्या अखेरीस संपली. तोवर वेशीबाहेरच्या सांक्ट पाउली भागात करमणुकीला गेलेल्यांचा एक डोळा घड्याळावर असे.

वकिलाला रायगडची हिरकणी आठवली, पण मला ती तुलना पटली नाही. हिरकणीसमोर दरवाजा बंद झालेला होता आणि आपल्याला काय करायचे आहे हे तिला स्वच्छ ठाऊक होते. इथे मात्र दार अजून उघडे असते, आणि ते लागेल या धास्तीने माणूस निवांतपणी कधीच केले नसते असे काहीतरी करून बसतो. मास्तरांनी मान डोलावली. म्हणूनच जर्मन लोक ‘आउस टोरश्लुसपानिक’, म्हणजे या घबराटीपोटी, अमुक एक गोष्ट केली असे म्हणतात: कोणी लग्न केले, कोणी महागाचे घर घेतले, एखाद्या फुटबॉल क्लबने खरेदीची मुदत संपता संपता भलताच खेळाडू घेतला.

“मग १९६१ चे काय?” वकिलाने विचारले. त्या जुलैमध्ये सुमारे ३०,००० लोक पूर्व जर्मनी सोडून पश्चिमेकडे गेले, तेव्हा त्या लोंढ्यालाही हाच शब्द लावला गेला आणि १३ ऑगस्टला बर्लिनमधली सीमा खरोखरच बंद झाली. “ज्यांनी घाई केली तेच सुटले. त्यांची घबराट चुकीची कशी?”

मास्तर बराच वेळ गप्प होते. मलाही वाटले की वकिलाने नेमके मर्म पकडले आहे, कारण हा शब्द भीतीचे नाव असला तरी त्यात ‘उगाच घाई केली’ हा निवाडाही दडलेला असतो, आणि तो सहसा पाहणारा देतो. मास्तर शेवटी म्हणाले, “वय वाढत चाललेली माणसे मित्रमैत्रिणींजवळ ‘मला हळूहळू टोरश्लुसपानिक होऊ लागली आहे’ असे सहज बोलून जातात. पण त्यांच्या लग्नाबद्दल तोच शब्द दुसऱ्या कोणी काढला, तर तो त्यांच्या जोडीदारावरही ठपका ठरतो.”