तीन महिन्यांत एमव्हीपी? आधी महिनाअखेर गाठा

एमव्हीपीचा, म्हणजे ग्राहकाला खरंच वापरता येईल अशा पहिल्या किमान आवृत्तीचा, स्कोप ठरवताना बहुतेक टीम फीचर्सची यादी करतात आणि ती बारा आठवड्यांत कोंबतात. माझ्या मते आधी बघायचं ते धंद्याचं एक चक्र किती दिवसांचं आहे.

समजा, पुण्यातल्या मेसवाल्या काकूंसाठी खाड्यांचा हिशेब ठेवणारं ॲप करायचंय. दोन डेव्हलपर, १ जुलै ते ३० सप्टेंबर. बिल महिन्याला होतं, म्हणजे सप्टेंबर अख्खा वापरात गेला पाहिजे. उरले जुलै-ऑगस्ट. त्यातले पहिले दोन आठवडे पाच मेसच्या वह्या बघण्यात घाला. कोडिंगला हातात राहतात जेमतेम सात आठवडे.

वह्या बघायच्या कारण भांडण तिथेच असतं. महिन्याचे ३००० रुपये, ६० जेवणं, म्हणजे जेवणाला ५०. मुलगा तीन दिवस गावी गेला, सहा जेवणांचे ३०० वजा, बिल २७००. पण काकूंचा नियम असा, की दुपारचा खाडा आदल्या रात्री नऊच्या आत कळवायचा. त्याने कळवलं साडेदहाला. पहिलं जेवण धरलं, बिल २७५०. वाद या पन्नास रुपयांचा. त्यामुळे खाडा कधी कळवला ती वेळ नोंदवणं आणि प्रत्येक मेसची वेळमर्यादा वेगळी ठेवता येणं, हे पहिल्या आवृत्तीत हवंच. काही जणी सलग दोन दिवसांखालचा खाडा धरतच नाहीत. तो नियमही घ्या.

बाकीच्याला एकच प्रश्न विचारा: पाच मेससाठी हे महिनाभर हाताने केलं तर किती वेळ जाईल? तीनशे नावं भरायला एक दुपार पुरते, मग नोंदणीचा स्क्रीन कशाला? पैसे काकूंच्या स्वतःच्या क्यूआरवर येऊ द्या. ते तुमच्या खात्यातून फिरवायला गेलात की परवानग्यांचं लचांड मागे लागतं. लॉगिनसाठी ओटीपीचा एसएमएस पाठवायचा तर टेलिकॉम कंपन्यांकडे डीएलटी नोंदणी लागते, म्हणून प्रत्येक ग्राहकाला अंदाजाने सापडणार नाही अशी स्वतंत्र लिंक द्या. प्ले स्टोअरही नको. नव्या वैयक्तिक खात्याला आधी किमान १२ जणांकडून सलग १४ दिवस चाचणी करून घ्यावी लागते. साधं वेबपेज चालतं.

काकूंकडून ॲपचे सप्टेंबरचे ३०० रुपये आगाऊ मागा. फुकट दिलेलं ॲप कोणीही "छान आहे हो" म्हणून ठेवून घेतं. पहिल्या आठवड्यात काकू वहीही लिहितील, ते ठीक. तिसऱ्या आठवड्यातही दोन्हीकडे लिहीत असतील, तर ॲपवर विश्वास बसलेला नाही. कुठला आकडा जुळत नाही ते त्याच दिवशी शेजारी बसून शोधा. आणि गणपती सप्टेंबरात आले तर सोन्याहून पिवळं, मुलं गावी जातात आणि खाड्यांची खरी परीक्षा होते. ३० तारखेला पाचपैकी तिघींनी वहीची बेरीज न करता बिलं दिली, तर पुढे जा.

१५ ऑगस्टला काम मागे पडलेलं दिसलं, तर १ सप्टेंबर हलवू नका. तो चुकला की पुढचं बिल थेट ऑक्टोबरअखेर. त्यापेक्षा ग्राहकांची लिंक काढून टाका. खाडे मुलं व्हॉट्सॲपवर कळवतील, काकू ते मेसेजच्या वेळेसकट स्वतः भरतील. बिल तेवढं बरोबर निघालं पाहिजे.