प्रमोशन त्याचं, झोप आपली उडालेली

काल कट्ट्यावर विषय निल्याने काढला. बरोबरच्या एकाला प्रमोशन मिळालं, त्याची पोस्ट बघून याच्या डोक्याला रात्रभर भुंगा. "लाइक केलं, 'अभिनंदन भावा' लिहिलं, मोबाइल उशीखाली सारला. पण झोप कसली येतेय!"

"ॲप उडव," पश्या म्हणाला. पश्याकडे सगळ्या दुखण्यांवर हेच औषध.

मंजिरी म्हणाली, "आधी हिशोब कर. यादीत 300 माणसं धर. प्रत्येक जण वर्षातून एकदा फिरायला गेला आणि तीन वर्षांतून एकदा बढती मिळाली, तरी वर्षाला 300 सहली आणि 100 बढत्या. रोज एकाहून जास्त, लग्नं वेगळीच. यातल्या एकेकाचं आयुष्य तुझ्याइतकंच संथ चाललंय रे. तू सगळ्यांची बेरीज एकट्याच्या आयुष्यासमोर मांडून बसतोस."

"पटलं. पण मग नटनट्यांचे परदेशातले फोटो बघून मला काहीच का होत नाही? याच्याच पोस्टने का पोटात खड्डा पडतो?"

माझ्या मते हाच खरा प्रश्न. लिओन फेस्टिंजर या मानसशास्त्रज्ञाने 1954 मध्ये मांडलं होतं, की माणूस स्वतःला जोखताना आपल्यासारख्याच माणसांकडे बघतो. नटाची आणि निल्याची शर्यतच नाही. हा मित्र मात्र निल्याबरोबर त्याच वर्षी, त्याच कामावर लागलेला. 'त्याला जमलं, मला का नाही' याला निल्याकडे सबबच उरत नाही.

"म्हणून म्हणतो, उडव," पश्या पुन्हा.

मंजिरीने 2018 चा पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातला प्रयोग सांगितला. काही विद्यार्थ्यांना फेसबुक, इन्स्टाग्राम, स्नॅपचॅट रोज प्रत्येकी दहाच मिनिटं वापरायला सांगितलं, बाकीच्यांना नेहमीसारखं. तीन आठवड्यांनी पहिल्या गटाचा एकटेपणा आणि उदासी कमी भरली. बंद कुणीच केलं नव्हतं.

"दहा मिनिटांत थांबतं कोण?" पश्या म्हणाला. यावर तिच्याकडेही उत्तर नव्हतं.

मी निल्याला विचारलं, नेमकं काय टोचलं? फोटो, की लोकांचं कौतुक? बराच वेळ गप्प राहून म्हणाला, "हुद्दा. मी साहेबांकडे कधी मागितलाच नाही." म्हणजे मित्राचं वाईट व्हावं असं त्याला वाटत नव्हतं, त्याला स्वतःला तो हुद्दा हवा होता. या दोन्हीला आपण सरसकट जळणं म्हणतो, पण दुसऱ्या प्रकारावर निदान काही करता येतं. मित्राच्या पोस्ट महिनाभर म्यूट कर म्हटलं, त्याला कळत नाही.

मंजिरीने मात्र बजावलं, की मन सलग दोन आठवडे उतरलेलं राहिलं, झोप-भूक बिघडली, कशातच रस वाटेना, तर पोस्टना दोष देत बसू नकोस, डॉक्टरकडे जा.

निल्याने तिथेच म्यूट केलं. पश्या त्याच्या मोबाइलमध्ये डोकावून म्हणाला, "यादीत मी कसा काय आधीपासूनच?"